द्राक्षाचं नुकसान पहिल्या काही तासांत ठरतं: प्रीकूलिंगपासून कंटेनरपर्यंतची आखणी

निफाड-दिंडोरी पट्ट्यातली थॉमसन जातीच्या द्राक्षाची पेटी युरोपात उघडली जाते, तेव्हा तपासणारा माणूस आधी देठाकडे बघतो, मग मण्याकडे. देठ हिरवा असेल तर माल ताजा. तो तपकिरी आणि कडक झाला असेल, तर मणी कितीही टपोरे असले तरी भाव पडतो. त्यानंतर तो घड उचलून हलकेच झटकतो आणि किती मणी गळतात ते बघतो. शेवटी पेटीच्या तळाशी करड्या बुरशीने घर केलेला एखादा मणी सापडतो का, ते शोधतो.

द्राक्षाचं काढणीनंतरचं नुकसान म्हणजे मुख्यतः या तीन गोष्टी: देठ सुकणं, मणीगळ आणि करडी बुरशी. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या (सिफेट) २०१५ च्या अहवालात देशातलं द्राक्षाचं नुकसान साडेआठ टक्क्यांच्या आसपास आहे. पण तो आकडा वाया गेलेल्या मालाचा आहे. देठ सुकल्यामुळे कमी भावात गेलेला माल त्यात धरलेला नाही आणि निर्यातदाराला खरा फटका तिथेच बसतो.

आपल्याकडे शीतसाखळी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती टनांचं कोल्ड स्टोरेज?' माझ्या मते सुरुवातच चुकते. कोल्ड स्टोरेज माल थंड ठेवतं. माल थंड करणं, म्हणजेच प्रीकूलिंग, हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी वेगळी खोली, वेगळे पंखे आणि कितीतरी जास्त ताकदीचं यंत्र लागतं. हा फरक कळला की बाकीची आखणी त्यातून आपोआप सुचत जाते.

घाई कशासाठी

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा-केळीसारखी त्याची गोडी पुढे वाढत नाही, त्यामुळे तोडल्या क्षणापासून ते फक्त पाणी गमावत असतं. घडाच्या वजनात दोन-अडीच टक्के घट झाली की देठ तपकिरी दिसू लागतो. मणी सुरकुतायला त्याच्या साधारण दुप्पट घट व्हावी लागते. म्हणजे मण्यांवर काही दिसण्याआधीच देठ गेलेला असतो.

पाणी किती वेगाने जातं, हे हवेच्या तहानेवर ठरतं. मार्चमध्ये दुपारी सावलीतलं तापमान ३० अंश आणि आर्द्रता ३० टक्के धरा. शून्य अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या खोलीशी तुलना केली, तर त्या दुपारच्या हवेचं पाणी ओढण्याचं बळ जवळपास पन्नास पट भरतं. म्हणजे झाडाखाली क्रेट तासभर पडून राहिली, तर देठाचं जेवढं पाणी जातं, तेवढं जायला चांगल्या शीतगृहात दोन दिवस लागतात. वाऱ्याचा वेग, पेटीतलं प्लॅस्टिक यांनी हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज यायला तो पुरेसा आहे.

बुरशीचं गणितही असंच आहे. करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, शून्य अंशालाही मरत नाही, फक्त अगदी संथ वाढते. गरम मालात तिला काही तास मिळाले, तर ती मण्याच्या सालीत शिरते आणि पुढे एका मण्यावरून शेजारच्या मण्यावर पसरत जाते. आत शिरलेली बुरशी बाहेरून दिलेल्या गंधकाच्या वायूने जात नाही.

पायरी पहिली: बागेतून निघताना

तोडणी दव उतरल्यावर सुरू करावी आणि ऊन तापायच्या आत आटोपावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही वेळ साधारण साडेसात ते साडेदहा. दवात भिजलेला घड तोडला तर ती ओल पेटीत जाते आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. उशीर केला तर मण्याचा गर तापतो. उन्हातल्या घडाचा गर आजूबाजूच्या हवेपेक्षाही गरम असतो, म्हणून हवेचं तापमान बघून चालत नाही. सुईचा थर्मामीटर खिशात ठेवा आणि मण्यात खुपसून बघा. सकाळी आठला १८ अंश भरणारा गर दुपारी दोनला ३२ च्या पुढे गेलेला दिसेल. हे चौदा अंश पुढे यंत्राला वीज जाळून काढायचे असतात, बागेत मात्र ते फुकटात टाळता येतात.

घड धरायचा तो देठाने. मण्यावरचा पांढरट लेप पुसला गेला की मणी चमकतो आणि ग्राहकाला शिळा वाटतो. क्रेट एका थराने भरावी आणि शेडनेटखाली ठेवावी. पत्र्याच्या शेडखाली नको, कारण पत्रा वरून उष्णता फेकतो. तोडणीपासून प्रीकूलिंगच्या दारापर्यंत चार तासांच्या आत माल यावा असं ठरवा आणि मजुरांची संख्या त्या हिशेबाने लावा. बऱ्याच पॅकहाऊसमध्ये अडचण इथे असते. तोडणारे हात जास्त, पाऊचमध्ये भरणारे कमी, त्यामुळे दुपारी क्रेटची रांग लागते. अशा वेळी तोडणीचा वेग कमी करणं हाच उपाय आहे, रांगेवर पंखा लावणं नव्हे. कोरड्या हवेचा झोत देठ आणखी लवकर सुकवतो.

पायरी दुसरी: पेटीला हवेची वाट

प्रीकूलिंगमध्ये थंड हवा पेटीच्या आतून जाते. ती बाहेरून वाहत राहिली, तर पुठ्ठा थंड होतो आणि द्राक्ष गरम राहतं. म्हणून पेटीची रचना हा शीतयंत्राचाच भाग समजावा.

पेटीच्या ज्या बाजूंतून हवा जाणार, त्यांच्या क्षेत्रफळाच्या निदान पाच टक्के भोकं हवीत. त्याहून फार जास्त पाडली तर रचलेली थप्पी खचते. भोकं पेटीच्या दोन्ही समोरासमोरच्या बाजूंवर आणि एका रेषेत हवीत, आणि पॅलेटवर रचल्यावर शेजारच्या पेटीच्या भोकांशीही जुळली पाहिजेत. आडव्या-उभ्या पेट्या एकमेकांत गुंतवून रचल्या की थप्पी भक्कम होते, पण भोकांवर पुठ्ठा येतो. त्यापेक्षा सरळ रचा आणि कोपऱ्यांना पट्ट्या मारा.

खरा अडथळा पेटीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरचा असतो. तो अखंड असेल तर पेटीची भोकं नावालाच राहतात. लायनर छिद्रांचा घ्यावा, आणि प्रीकूलिंग होईपर्यंत त्याची तोंडं वरून उघडी ठेवावीत. पाऊचलाही छिद्रं असतातच, पण ती पेटीच्या भोकांसमोर येतील अशी पाऊचची मांडणी कोणी बघत नाही. पहिल्या दिवशी एक पेटी भरून तिच्या बाजूने बॅटरीचा उजेड टाका. पलीकडे उजेड दिसला नाही, तर हवाही नीट जाणार नाही.

पायरी तिसरी: प्रीकूलिंगचा बोगदा

रचना साधी असते. पॅलेटच्या दोन रांगा समांतर उभ्या करायच्या, मधे दीडेक फुटाची फट सोडायची. फटीच्या एका टोकाला पंखा असतो. वरून आणि दुसऱ्या टोकाला ताडपत्री टाकून ती बंद करायची. पंखा त्या फटीतली हवा ओढून घेतो, त्यामुळे बाहेरची थंड हवा पेट्यांच्या भोकांतून, घडांच्या मधून फटीत येते आणि तिथून पुन्हा शीतयंत्राच्या कॉइलकडे जाते. पंखा ओढणारा हवा, ढकलणारा नको, कारण ओढल्याने हवा सगळ्या पेट्यांत सारखी वाटली जाते.

हवा किती? एका किलो मालाला सेकंदाला एक लिटर हे प्रमाण धरा. चार टनांच्या बॅचला सेकंदाला चार घनमीटर, म्हणजे पंखेवाल्याच्या भाषेत साधारण साडेआठ हजार सीएफएम. पंखा निवडताना नुसता हा आकडा सांगून भागत नाही. पेट्यांचा अडथळा ओलांडून २५ मिलिमीटर पाण्याच्या दाबाला एवढी हवा देईल का, ते विचारा. मोकळ्या हवेत आठ हजार सीएफएम देणारा स्वस्त पंखा पेट्यांसमोर निम्म्यावर येतो.

गळती शोधायला उदबत्ती पुरते. पंखा चालू करून ताडपत्रीच्या कडा, पॅलेटचा तळ आणि दोन पॅलेटमधली फट यांच्याजवळ ती धरा. धूर झपकन आत ओढला जात असेल, तर तिथून हवा पेटीला वळसा घालून निघते आहे. पॅलेटच्या लाकडी पायांमधली मोकळी जागा ही सगळ्यांत मोठी चोरवाट असते. फोमची पट्टी किंवा गोणपाटाची गुंडाळी लावून ती बंद करा.

यंत्राचा हिशेब, एका उदाहरणाने

समजा काही बागायतदारांच्या गटाचं पॅकहाऊस आहे. एका बॅचला चार टन माल, गराचं तापमान २६ अंश, बोगद्यातली हवा शून्य अंशाची. बोगदा नीट बांधला असेल, तर मालाचं तापमान आणि हवा यांच्यातला फरक साधारण दोन तासांत निम्मा होतो. म्हणजे दोन तासांनी गर १३ वर येतो, चार तासांनी साडेसहावर, सहा तासांनी सव्वातीनवर आणि आठ तासांनी दीडच्या थोडा वर. दर दोन तासांना उरलेला फरक अर्धा होत जातो, म्हणून शेवटचे दोन अंश काढायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि पहिले तेरा अंश झपाट्याने उतरतात.

यातून यंत्राचा आकार निघतो. एक किलो द्राक्ष एक अंशाने थंड करायला सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पहिल्या दोन तासांत चार हजार किलो माल तेरा अंशांनी उतरवायचा, म्हणजे एक लाख सत्त्याऐंशी हजार किलोज्यूल. दोन तासांनी भागलं की २६ किलोवॅट येतात, शीतयंत्राची ताकद मोजण्याच्या टनात सांगायचं तर साडेसात टन रेफ्रिजरेशन. पंख्याची स्वतःची उष्णता, दार उघडणं, भिंती हे सगळं धरून नऊ टनांचं यंत्र लागेल. पुढच्या दोन तासांत हाच भार निम्म्यावर येतो.

आता त्याच्या शेजारी साठवणीची खोली ठेवून बघा. तिथे ४० टन थंड माल आहे. शून्य अंशाला द्राक्षाचा श्वास एवढा मंद असतो, की त्या सगळ्या चाळीस टनांची स्वतःची उष्णता अर्धा किलोवॅटही भरत नाही. बाकी भार भिंती, दार, पंखे यांचाच. म्हणजे दहापट माल सांभाळणारं यंत्र हे चार टन माल थंड करणाऱ्या यंत्रापेक्षा लहान असू शकतं. ठेकेदाराने 'साठवणीच्या खोलीतच गरम पेट्या ठेवा, रात्रभरात होतील थंड' असं सांगितलं, तर त्याला हा हिशेब दाखवा. नुसत्या थप्पीत ठेवलेल्या पेट्यांचा मधला माल थंड व्हायला दिवस उलटतो, आणि गरम मालातून निघालेली वाफ शेजारच्या थंड पेट्यांवर घाम होऊन बसते. आधीचा चांगला मालही त्यात बिघडतो.

दुपारी दोन बॅच एकत्र टाकून 'थोडा वेळ जास्त लागेल' असं म्हणण्याचाही परिणाम तोच होतो. हवा शून्यावर राहत नाही, आठ-दहावर चढते आणि माल तिथेच अडकतो. त्यापेक्षा दोन लहान बोगदे करावेत.

थांबायचं कधी

खोलीच्या भिंतीवरचं मीटर हवेचं तापमान दाखवतं. निर्णय गरावर घ्यायचा. हवा ओढणाऱ्या बोगद्यात बाहेरच्या बाजूच्या पेट्या आधी थंड होतात, तर आतल्या फटीला लागून असलेल्या सर्वांत शेवटी. म्हणून सुई फटीजवळच्या पेटीत, मधल्या थरातल्या घडाच्या मधल्या मण्यात घाला. तो मणी दोन अंशांवर आला की पंखा बंद. पंखा उगाच चालू ठेवला तर थंड मालावरून वारा वाहत राहतो आणि ज्या देठासाठी एवढं केलं तोच सुकतो. रात्रपाळीचा माणूस झोपला आणि बोगदा सकाळपर्यंत चालू राहिला, ही नेहमीची गोष्ट आहे. सुई कंट्रोलरला जोडून पंखा आपोआप बंद होईल अशी सोय फार महाग पडत नाही.

प्रीकूलिंग झाल्यावरच गंधकाचा पॅड ठेवायचा आणि लायनर बंद करायचा. पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर आठवडेच्या आठवडे हळूहळू. गरम माल असताना पॅड ठेवून लायनर बंद केला, तर आत घाम धरतो, पॅड एकदम वायू सोडतो आणि देठाजवळ मण्यावर पांढुरके डाग पडतात. त्यातून पुढे प्रवासात वायू कमी पडतो तो वेगळाच. पेटी उघडल्यावर पांढरे डाग आणि बुरशी दोन्ही एकत्र दिसले, तर संशय पॅडवर घेण्याआधी पेटी बंद करतानाच्या तापमानाची नोंद काढा.

पायरी चौथी: साठवण

साठवणीच्या खोलीत शून्य ते उणे अर्धा अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता हवी. गोड मणी उणे दोनच्या आसपास गोठतो, देठ मात्र जरा आधीच धोक्यात येतो. म्हणून उणे एकच्या खाली जाण्याचा मोह टाळावा, विशेषतः कॉइलच्या थेट झोतात ठेवलेल्या पेट्यांसाठी.

आर्द्रता राखणं हे मशिन विकत घेतानाच ठरतं. कॉइल लहान असेल, तर तेवढंच काम करायला ती हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी थंड ठेवावी लागते. मग हवेतला ओलावा तिच्यावर बर्फ होऊन चिकटतो आणि खोली कोरडी पडते. मोठी कॉइल हवेपेक्षा चार-पाच अंशांनीच थंड ठेवून भागते. कोटेशनमध्ये हा फरक लिहून मागा. कॉम्प्रेसरचं नाव सगळे विचारतात, कॉइलचं क्षेत्रफळ कुणी विचारत नाही, आणि स्वस्त कोटेशनची काटकसर बहुतेक तिथेच झालेली असते.

खोली कोरडी पडते आहे का हे बघायला महागडं यंत्र नको. डीफ्रॉस्टच्या, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळून निघणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडा आणि दिवसाकाठी किती लिटर जमतं ते मोजा. त्यातलं काही पाणी दारातून आलेल्या हवेचं असतं, बाकीचं तुमच्या मालाचं. दार कमी उघडलेल्या दिवशीही बादली भरत असेल, तर देठ सुकत आहेत असं समजा.

पायरी पाचवी: कंटेनर

रीफर, म्हणजे स्वतःचं शीतयंत्र असलेल्या कंटेनरला माल थंड करता येत नाही. त्याचं यंत्र थंड माल थंड ठेवण्यापुरतं असतं. पाच-सहा अंशांवर भरलेला माल समुद्रावर शून्याला यायला दिवसचे दिवस घेतो, मधल्या पेट्या तर कदाचित येतच नाहीत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि युरोपचा प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. पूर्वी जी ढिलाई खपून जायची, ती अशा लांबलेल्या प्रवासात थेट देठावर दिसते.

भरण्याआधी कंटेनर आतून धुऊन कोरडा करा. तो उघड्या ओट्यावर भरायचा असेल, तर आधी थंड करून ठेवू नका. दार उघडताच बाहेरची दमट हवा आत जाऊन भिंतीवर घाम धरते. ओटा बंदिस्त आणि थंड असेल तरच आधी थंड करण्यात अर्थ आहे. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. तुमची पेटी दीड अंशावर आहे. म्हणून शीतखोलीचं दार आणि कंटेनरचं तोंड यांच्यामध्ये रबरी गादीचा बंदिस्त जोड असावा, नाहीतर पहाटे भरावं आणि पॅलेट बाहेर थांबू देऊ नये.

कंटेनरमध्ये हवा खालच्या खाचांतून वर येते. जमिनीचा एखादा भाग उघडा राहिला तर सगळी हवा तिथून पळते, म्हणून दाराकडची मोकळी पट्टी पुठ्ठ्याने झाका. छताजवळच्या तांबड्या रेघेच्या वर माल रचू नका. तापमाननोंदीची तीन यंत्रं ठेवा: एक शीतयंत्राजवळ, एक मध्यभागी, एक दाराजवळच्या वरच्या पेटीत. ती पेटीच्या आत, पाऊचच्या मधे ठेवावीत. बाहेर टांगलेलं यंत्र हवेचीच नोंद देतं. पलीकडे तक्रार आली तर आलेखाची सुरुवात बघा. पहिल्याच तासाला आकडा चारच्या वर असेल, तर दोष पॅकहाऊसचा. सुरुवात दीडला आणि मधेच उंच टेंगूळ असेल, तर बंदरात किंवा जहाजावर वीज तुटली होती.

देशातला माल

कोलकाता-दिल्लीकडे उघड्या ट्रकने जाणाऱ्या मालाला ही सगळी आखणी जशीच्या तशी लावू नये. दोन अंशांवर आणलेली द्राक्षं ताडपत्रीखाली गरम दमट हवेत गेली की भिजतात, आणि भिजलेली द्राक्षं न थंड केलेल्यांपेक्षाही लवकर सडू शकतात. पुढची गाडी थंड नसेल, तर सकाळची तोडणी, सावली, पटकन पॅकिंग आणि रात्रीचा प्रवास यांच्यावरच भर द्यावा. थंड करायचंच असेल, तर बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली वस्तूवर पाणी जमतं ते तापमान, बघून त्याच्या थोडं वर थांबावं. मार्चच्या कोरड्या नाशकात तो बऱ्याचदा दहाच्या आसपास किंवा खाली असतो, कोलकात्यात मात्र वीसच्या वर जातो. त्यामुळे माल जिथे उतरणार तिथला दवबिंदू धरायचा, जिथून निघतो तिथला नाही.